सिरीज आरएलसीचा ट्रान्झिएंट: दुसरी इनिशियल कंडिशन लूप इक्वेशनमध्येच असते

प्रश्न: सर, सिरीज आरएलसी, R = 56 ओहम, L = 10 मिलिहेन्री, C = 1 मायक्रोफॅरड, बॅटरी 10 व्होल्ट, कपॅसिटर आधीच 4 व्होल्टला चार्ज आहे. t = 0 ला स्विच जोडला. लूप इक्वेशन लिहून डिफरन्शिएट केली, i(0) = 0 घेतलं, di/dt(0) पण 0 घेतलं तर उत्तरच शून्य येतंय. दुसरी कंडिशन आणायची कुठून? आणि लॅबमध्ये फंक्शन जनरेटरवर 4 ते 10 व्होल्टची स्क्वेअर वेव्ह लावली तर कपॅसिटरवर पीक 10.6 दिसतो, मित्राचं गणित म्हणतं 12.4 यायला पाहिजे. कोण चुकलं?

उत्तर:

मित्राचं गणित बरोबर आहे आणि तुझा स्कोपही बरोबर आहे, दोघं वेगवेगळ्या सर्किटबद्दल बोलतायत एवढंच. त्यावर नंतर येतो. आधी शून्य उत्तराचं बघू, कारण ते मुळातलं आहे.

तू इक्वेशन डिफरन्शिएट केलीस तेव्हा काय झालं बघ. मूळ लूप इक्वेशन अशी होती:

```
V = R i + L di/dt + vC(0) + (1/C) ∫ i dt
```

इंटिग्रल 0 पासून t पर्यंत. आता हिला डिफरन्शिएट केलं की V गेला, कारण तो कॉन्स्टंट. vC(0) पण गेला, तोही कॉन्स्टंट. उरलं ते हे:

```
L d²i/dt² + R di/dt + i/C = 0
```

या खालच्या इक्वेशनला बॅटरी 10 व्होल्टची आहे का 100 ची, कपॅसिटर भरलेला आहे का रिकामा, काहीच माहीत नाही. ती माहिती आपणच पुसून टाकली. मग ती परत आत यायला एकच दार उरतं, ते म्हणजे इनिशियल कंडिशन. आणि तू तिथेही दोन्ही शून्य लिहिलेस, म्हणजे सर्किटला ढकलणारं काहीच ठेवलं नाहीस, मग उत्तर शून्य येणारच. गणित तुला खरंच सांगत होतं.

आता दुसरी कंडिशन. ती वेगळी कुठून आणायची नसते, डिफरन्शिएट करायच्या आधीची लूप इक्वेशन t = 0+ ला लिहायची, झालं. त्या क्षणी कोणती गोष्ट उडी मारू शकत नाही हे बघ. इंडक्टरचा करंट उडी मारू शकत नाही, कारण करंट एका क्षणात बदलायचा तर L di/dt अनंत व्होल्ट लागतील आणि बॅटरी फक्त 10 ची आहे. कपॅसिटरचं व्होल्टेज उडी मारू शकत नाही, कारण त्यासाठी अनंत करंट लागेल. म्हणून i(0+) = i(0-) = 0 आणि vC(0+) = vC(0-) = 4. बाकी सगळं, म्हणजे इंडक्टरवरचं व्होल्टेज, di/dt, हे खुशाल उडी मारतं. इथेच बहुतेक जण फसतात, स्विच जोडायच्या आधी di/dt शून्य होता म्हणून नंतरही शून्यच असेल असं धरतात. करंट शून्य असणं आणि करंटचा स्लोप शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी, घाटात गाडी थांबलेली असताना ब्रेक सोडला की त्या क्षणी स्पीड शून्यच असतो पण गाडी निघालेली असते, तसं.

तर 0+ ला लूप:

```
10 = 56·(0) + L·di/dt(0+) + 4
di/dt(0+) = 6 / 0.010 = 600 A/s
```

रेझिस्टरवर काही नाही कारण करंट नाही, कपॅसिटरने 4 अडवलेत, उरलेले 6 व्होल्ट सगळेच्या सगळे इंडक्टरच्या डोक्यावर. हीच तुझी दुसरी कंडिशन. करंट आधीपासून वाहत असेल, म्हणजे स्विच आधी दुसरीकडे होता असं गणित असेल, तर R·i(0) पण वजा करायचा, पद्धत तीच.

आता सोडव. रूट्ससाठी तीन आकडे काढून ठेव:

```
α  = R/(2L)       = 56/0.02         = 2800 /s
ω0 = 1/√(LC)      = 1/√(10^-8)      = 10000 rad/s
ωd = √(ω0² − α²)  = 9600 rad/s
```

α हा ω0 पेक्षा लहान, म्हणजे अंडरडॅम्प्ड, रिंगिंग होणार. जनरल उत्तर e^(−αt) गुणिले साइन अधिक कोसाइन. i(0) = 0 ने कोसाइनवाला भाग उडाला. उरला साइन, त्याचा कॉएफिशियंट K, आणि 0 ला स्लोप K·ωd म्हणजेच 600:

```
i(t) = (600/9600) e^(−2800t) sin 9600t
     = 0.0625 e^(−2800t) sin 9600t   (A)
```

62.5 मिलिअँपिअर हा पीक नाही हां, तो फक्त एन्व्हलपचा सुरुवातीचा आकडा. खरा पीक tan(ωd·t) = ωd/α इथे येतो, साधारण 134 मायक्रोसेकंदाला, आणि तो 41 मिलिअँपिअर भरतो.

हे उत्तर बरोबर आलंय का हे तपासायची एक पद्धत सांगतो, मी अजूनही करतो. सगळा करंट 0 ते अनंत इंटिग्रेट केला की तो कपॅसिटरमध्ये गेलेला चार्ज. कपॅसिटर 4 वरून 10 वर जाणार हे नक्की, कारण शेवटी करंट थांबतो आणि R वर काही उरत नाही. म्हणजे चार्ज 1 मायक्रोफॅरड गुणिले 6 व्होल्ट, 6 मायक्रोकूलंब यायलाच हवा. e^(−αt) sin ωd t चं इंटिग्रल ωd/ω0² असतं, म्हणून 0.0625 × 9600 / 10^8 = 6×10^-6. जुळलं. समजा तू 4 व्होल्ट विसरून di/dt 1000 घेतला असतास तर इथे 10 मायक्रोकूलंब आले असते, म्हणजे 10 व्होल्टच्या बॅटरीवर कपॅसिटर 14 व्होल्टला जाऊन बसला असता, कायमचा. चूक लगेच पकडली जाते, आणि या तपासणीला अर्धा मिनिट लागतो.

पोलॅरिटी मात्र नीट बघ. कपॅसिटरचा प्लस जर लूप करंटच्या दिशेने आधी येणाऱ्या टोकाला असेल तर तो बॅटरीला विरोध करतो, +4. उलटा चार्ज असेल तर −4, मग इंडक्टरवर 14 व्होल्ट, 1400 अँपिअर पर सेकंद. पेपरात हे मुद्दाम उलटं देतात. आकृतीवर करंटचा बाण आधी काढ, मग प्लस-मायनस लिही, उलट क्रमाने करायला गेलं की गडबड होते.

आता दुसरा रस्ता, जो मला जास्त आवडतो. करंटऐवजी vC हेच अननोन धर. i = C dvC/dt लूपमध्ये टाकलं की:

```
LC d²vC/dt² + RC dvC/dt + vC = V
```

इथे डिफरन्शिएट करायची वेळच आली नाही, त्यामुळे V तसाच उजवीकडे शाबूत राहिला. कंडिशन दोन: vC(0) = 4, आणि dvC/dt(0) = i(0)/C = 0. बघ, इथे डेरिव्हेटिव्ह खरोखर शून्य आहे! तुझा घोळ बहुतेक इथूनच झालाय, कुठल्या तरी उदाहरणात vC वाली इक्वेशन सोडवलेली असते, तिथे दुसरी कंडिशन शून्य असते, आणि तीच सवयीने करंटच्या इक्वेशनला लागते. कोणता व्हेरिएबल धरलाय ते आधी बघायचं. उत्तर येतं:

```
vC(t) = 10 − 6 e^(−2800t) [cos 9600t + (2800/9600) sin 9600t]
```

vC चा पीक तिथे येतो जिथे करंट परत शून्यातून जातो, म्हणजे 9600t = π, t = 327 मायक्रोसेकंद. तिथे कंसातलं −1 होतं आणि e^(−0.916) बरोबर 0.4 च्या आसपास, म्हणून पीक 10 + 6×0.4 = 12.4 व्होल्ट. मित्राचा आकडा हाच. पुढचा खड्डा 10 − 6×0.16 = 9.04, त्यापुढचा पीक 10.38, दर अर्ध्या सायकलला उरलेलं 0.4 पट होत जातं.

R 200 ओहम झाला की क्रिटिकल, कारण 2√(L/C) = 200. तिथे i = 600·t·e^(−10000t). 250 ओहम घेतलास तर रूट्स −5000 आणि −20000, आणि i = 0.04(e^(−5000t) − e^(−20000t)). तिन्ही केसमध्ये सुरुवातीचा स्लोप तोच 600 आहे हे बघून ठेव. R कितीही असो, पहिल्या क्षणी त्याला काही बोलायला मिळत नाही, कारण करंटच नसतो.

सिम्युलेशन करणार असशील तर हाच शून्याचा घोळ तिथे वेगळ्या वेषात भेटतो. स्पाइसमध्ये असं लिही:

```
* series rlc
V1 a 0 10
R1 a b 56
L1 b c 10m ic=0
C1 c 0 1u ic=4
.tran 1u 3m 0 1u uic
.end
```

शेवटचा uic विसरलास तर सिम्युलेटर आधी डीसी ऑपरेटिंग पॉइंट काढतो, म्हणजे बॅटरी अनंत काळापासून लागलेली आहे असं धरतो, कपॅसिटर 10 वर, करंट शून्य, आणि तुला स्क्रीनवर सरळ रेघ दिसते. पोरं मग मॉडेल बिघडलं म्हणून शोधत बसतात. मॉडेल ठीक असतं, सुरुवातच चुकीच्या जागेवरून झालेली असते.

आता तुझ्या 10.6 कडे येतो. फंक्शन जनरेटर म्हणजे बॅटरी नाही, त्याच्या आत साधारणपणे 50 ओहमचा आउटपुट रेझिस्टन्स असतो, आणि तो थेट तुझ्या लूपमध्ये सिरीजला येतो. शिवाय 10 मिलिहेन्रीचा इंडक्टर म्हणजे बारीक तारेचे पुष्कळ वेढे, त्या तारेचा स्वतःचा रेझिस्टन्स असतो. तुझ्या लूपमध्ये R 56 नाहीच. किती आहे ते तुझ्याच रीडिंगवरून काढू. स्टेप 6 व्होल्टची, ओव्हरशूट 0.6, म्हणजे गुणोत्तर 0.1.

```
x = ln(6/0.6) = 2.30
α = ω0 · x/√(π² + x²) ≈ 5900 /s
R = 2Lα ≈ 118 Ω
```

118 मधून 56 आणि 50 गेले, उरले 12. मल्टिमीटरने इंडक्टर मोज, त्याच्या जवळपास काहीतरी दिसायला हवं. दिसणारा आकडा थोडा कमी असेल तर घाबरू नकोस, मल्टिमीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, रिंगिंगच्या फ्रिक्वेन्सीला कोअरमधले लॉसेस त्यात भर घालतात, आणि स्कोपवर 0.6 वाचताना अर्धा छोटा भाग इकडेतिकडे झाला तरी दोनचार ओहमचा फरक पडतो. दुसरी खूण वेळेची, तुझा पीक 327 ऐवजी 390 मायक्रोसेकंदाच्या आसपास आला असेल. व्होल्टेज कमी आणि पीक उशिरा, दोन्ही एकत्र दिसलं की R जास्त आहे असं समज. पीक उशिरा आला पण ओव्हरशूटही वाढला तर मात्र L जास्त आहे अशी शंका घे. R मोजून नक्की झाला तर उरलेला फरक L आणि C च्या टॉलरन्सचा, आणि C जर सिरॅमिक असेल तर तो बदलून बघच, कारण एक्स७आर सारख्या सिरॅमिकची कपॅसिटन्स डीसी व्होल्टेज लागलं की कमी होते. या प्रयोगाला फिल्म कपॅसिटर वापर.

जोडताना कपॅसिटर ग्राउंडच्या बाजूला ठेव. जनरेटरचा ग्राउंड आणि स्कोपचा ग्राउंड बहुतेक वेळा दोन्ही अर्थिंगमधून जोडलेलेच असतात, त्यामुळे मधल्या कुठल्या पॉइंटला प्रोबची ग्राउंड क्लिप लावलीस तर त्याच्या खालचे सगळे पार्ट शॉर्ट होतात आणि तू वेगळंच सर्किट बघत बसतोस. करंट बघायचा असेल तर R खाली घे आणि कपॅसिटर वर.

आणि स्क्वेअर वेव्हची फ्रिक्वेन्सी किती ठेवली होतीस ते लिहिलं नाहीस. 100 हर्ट्झला अर्धी सायकल 5 मिलिसेकंद, तेवढ्यात सगळं शांत होतं आणि पुढच्या एजला खरोखर vC = 4, i = 0 असतं. 1 किलोहर्ट्झला अर्धी सायकल फक्त 500 मायक्रोसेकंद, तुझ्या 56 ओहमच्या गणिताला तिथे एन्व्हलप अजून पावभर शिल्लक असतो, म्हणजे पुढची एज येते तेव्हा ना व्होल्टेज 4 असतं ना करंट शून्य, दोन्ही इनिशियल कंडिशन मोडतात आणि पीकचा आकडा कशाशीच जुळत नाही. वर मी काढलेले 118 ओहम सुद्धा तू हळू फ्रिक्वेन्सी ठेवली होतीस असं धरूनच आहेत.

ही vC(0) ची गोष्ट मी एवढी ताणून का सांगतोय त्याचं कारण मला ती बेंचवर महागात पडलेली आहे. 24 व्होल्टचा सप्लाय, लांब केबल, पुढे एक छोटं मॉड्यूल ज्याच्या इनपुटला फक्त सिरॅमिक कपॅसिटर. केबल म्हणजे इंडक्टर, R जवळपास नाहीच, म्हणजे हेच सर्किट. प्लग लावला की ओव्हरशूट स्टेपच्या 80 टक्क्यांपर्यंत जायचा. मॉड्यूलमधल्या रेग्युलेटरची मर्यादा 36 व्होल्ट. साइटवरून बोर्ड मेलेले परत यायचे आणि आम्ही बेंचवर तीस तीस वेळा प्लग काढून लावायचो, स्कोपवर पीक 31 च्या वर जायचा नाही. दोन दिवस गेले. शेवटी लक्षात आलं की आम्ही घाईघाईत प्लग परत लावत होतो, मॉड्यूल बंद झालं की त्याचा लोड जातो आणि कपॅसिटर 15 व्होल्टच्या आसपास अडकून राहतो. म्हणजे स्टेप 24 ची नाही, 9 ची. 24 + 0.8×9 = 31.2. साइटवर मात्र सकाळी पहिल्यांदा प्लग लावताना कपॅसिटर पूर्ण रिकामा, 24 + 0.8×24 = 43. कपॅसिटर रेझिस्टरने डिस्चार्ज करून प्लग लावला आणि पहिल्याच शॉटला 43 च्या आसपास दिसलं, बोर्डही गेला. उपाय साधा निघाला, इनपुटला समांतर एक इलेक्ट्रोलिटिक टाकला, सिरॅमिकच्या चारेक पट कपॅसिटन्सचा, त्याचा आतला सिरीज रेझिस्टन्स रिंगिंग खाऊन टाकतो.

म्हणून तुझ्या लॅबमध्येही बॅटरी आणि स्विच लावून प्रयोग करणार असशील तर प्रत्येक शॉटच्या आधी मल्टिमीटरने कपॅसिटर खरंच 4 ला आहे का बघ, आणि बघून झालं की प्रोब लगेच काढ, 10 मेगओहमच्या मीटरमधून 1 मायक्रोफॅरड 10 सेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने उतरतो, दोनतीन सेकंद रेंगाळलास तरी तुझे 4 चे 3 होतील आणि स्टेप 6 ची 7 होऊन बसेल.